दिवाळीला मिळालेले दहा हजार: बोनस की सानुग्रह? (इंदूर, खासगी कारखाना)

पाटणीपुरा_१२
सांवेर रोडवरच्या एका पॅकेजिंग युनिटमध्ये १ ऑगस्ट २०२४ पासून कामाला आहे. कंपनी २००९ पासूनची, माणसं साधारण नव्वद. या ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधी सगळ्यांच्या खात्यात सरसकट १०,००० आले. स्लिपवर 'एक्स-ग्रेशिया' असं लिहिलंय. आता डिसेंबर उजाडला. २०२४-२५ चा बोनस कधी, असं विचारल्यावर एचआरने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, तुमचा पगार २३,६०० म्हणजे २१,००० च्या वर, तुम्ही बोनसमध्ये बसतच नाही. दुसरी, दिवाळीला दिले तोच बोनस होता. माझं बेसिक आणि डीए मिळून १५,२००, बाकी घरभाडं, प्रवास वगैरे. यंदा तोटा आहे असंही कानावर आलंय. नक्की काय समजायचं?

भिया_इंदौरी
सरळ आहे भिया. एक्स-ग्रेशिया म्हणजे मालकाची खुशी, त्यावर हक्क नाही. बोनस म्हणजे कायद्याचा पैसा, ८.३३ टक्के, तो द्यावाच लागतो, तोटा असला तरी. फक्त दिवाळीच्या दिवशी तुमचं नाव रोलवर पाहिजे. आधी सोडून गेलेल्याला काही नाही.

रतलाम_मंडळ
रेल्वेत ७८ दिवसांचा बोनस मिळतो, १७,९५१ रुपये. तुम्हाला एका महिन्याचाही देत नाहीत हे चूक आहे. सगळ्यांनी मिळून ७८ दिवसांची मागणी करा.

आकडेमोड
रतलामकाका, रेल्वेचं गणित इथे लागू नाही. तो उत्पादकतेशी जोडलेला बोनस, केंद्र सरकार दर वर्षी त्याचा निर्णय घेतं. सरकारी खाती १९६५ च्या बोनस कायद्याच्या कक्षेतच नव्हती. तुमचे १७,९५१ सुद्धा ७,००० रुपये महिना धरूनच निघतात, ७८ दिवसांचे. खासगी कारखान्यातल्या माणसाला त्यावरून मागणी करता येईल, हक्क सांगता येणार नाही.

भियांचं निम्मं बरोबर आहे. तोट्याबद्दल म्हणतात ते खरं. कंपनी २००९ ची आहे म्हटल्यावर नव्या आस्थापनेची सवलतही संपलेली. विक्री सुरू झाल्यापासूनची पहिली पाच वर्षं, नफा झाला तरच बोनस, अशी ती सवलत असते. नाव बदललं, मालक बदलला किंवा शेड हलवली म्हणून ती पुन्हा सुरू होत नाही, हेही लक्षात ठेवा, कारण ही युक्ती लढवली जाते.

पण दिवाळीच्या दिवशी रोलवर असण्याची अट कायद्यात कुठेच नाही. ती अट एक्स-ग्रेशियाची असते, आणि लोक ती बोनसला चिकटवतात. बोनस हिशेबी वर्षाचा असतो. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात निदान ३० दिवस काम केलेलं असलं की त्या वर्षाच्या बोनसचा हक्क झाला. मग माणूस जूनमध्ये राजीनामा देऊन गेला असला तरी. वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत पैसे द्यायचे, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत. दिवाळी या आठ महिन्यांच्या आतच येते म्हणून बोनस दिवाळीला वाटायची पद्धत पडली, एवढाच दोघांचा संबंध.

हे उलटही लावून बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये लागलेल्या मुलाचा २०२४-२५ चा बोनस शून्य. पाटणीपुरा, तुमच्याकडे अशा नव्या मुलांनाही १०,००० मिळाले का?

पाटणीपुरा_१२
हो. पॅकिंगला सहा जण सप्टेंबरमध्ये आले, त्यांनाही पूर्ण १०,०००. स्टोअरमधला एक जण जुलैत सोडून गेला, त्याला काहीच नाही.

आकडेमोड
मग तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला. ज्यांचा २०२४-२५ चा एक रुपयाही होत नव्हता त्यांना पूर्ण रक्कम, आणि ज्याचा होत होता त्याला काही नाही. हे वाटप बोनसच्या नियमाने झालेलं नाही. उद्या अधिकाऱ्यासमोर गेलात तर हा मुद्दा पहिला मांडा.

आता पात्रता. २१,००० ची मर्यादा एकूण पगाराला नाही, बेसिक अधिक डीए याला आहे. घरभाडं, ओव्हरटाइम, प्रवासभत्ता त्यात येत नाहीत. तुमचे १५,२०० आहेत, तुम्ही पात्र. आणि एचआरची दोन उत्तरं शेजारी ठेवून बघा. तुम्ही बसतच नसाल तर 'तोच बोनस होता' या म्हणण्याला अर्थ उरत नाही, आणि तो बोनस असेल तर तुम्ही बसता. दोन्ही एकदम चालणार नाही.

आता रक्कम. इथेच सगळीकडे घोळ होतो. पात्रतेचा आकडा २१,००० आणि हिशेबाचा आकडा वेगळा. पगार ७,००० च्या वर असला की ७,००० किंवा तुमच्या कामाला लागू असलेलं किमान वेतन, यातलं जे जास्त, तेवढाच पगार आहे असं धरून बोनस काढायचा. ही २०१५ ची दुरुस्ती, १ एप्रिल २०१४ पासून लागू. आज मध्य प्रदेशात कोणत्याही वर्गवारीचं किमान वेतन ७,००० च्या बरंच वर आहे. तरीही कित्येक कारखान्यांत अजून ७,००० वरच बोनस निघतो.

समजायला सोपं जावं म्हणून तुमच्या वर्गवारीचा दर १२,००० धरतो. खरा दर अधिसूचनेत बघा, अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वेगवेगळे असतात आणि महागाईप्रमाणे एप्रिल-ऑक्टोबरला बदलतात, म्हणजे एका वर्षात दोन दर लागू शकतात.

ऑगस्ट २०२४ ते मार्च २०२५, आठ महिने. ८ × १२,००० = ९६,०००. त्याचे ८.३३ टक्के म्हणजे ७,९९६ रुपये ८० पैसे. हा तुमचा किमान बोनस. ७,००० धरून काढला तर ४,६६४ रुपये ८० पैसे येतो. बिनपगारी रजा झाली असेल तर तेवढी रक्कम कमी होईल, कारण हिशेब त्या वर्षात कमावलेल्या वेतनावर आहे. पगारी रजा, बाळंतपणाची रजा, कामावर झालेल्या अपघातामुळे घरी बसलेले दिवस मात्र कामाचेच धरतात.

भिया_इंदौरी
७,००० चा आकडा माझ्याकडेही दिसतो. सीटीसीच्या कागदावर 'स्टॅट. बोनस ५८३' असं दर महिन्याला येतं. मग दिवाळीला वेगळा मिळत नाही.

आकडेमोड
५८३ म्हणजेच ७,००० चे ८.३३ टक्के. दरमहा दिलेला हा आगाऊ बोनस, वर्षाअखेर वजा करता येतो, त्यात गैर नाही. पण तुमचं बेसिक १२,००० च्या वर असेल आणि किमान वेतन १२,००० असेल तर वर्षाचा बोनस ११,९९५ व्हायला हवा, आणि १२ महिन्यांत मिळाले ६,९९६. म्हणजे ४,९९९ कमी. दर महिन्याला पैसे येतात म्हणून कोणी मोजत नाही.

निशिगंध
मी पेरोल बघते, त्यामुळे पलीकडच्या टेबलावरची बाजू सांगते. एचआर दर वेळी लबाडी करत असते असं नाही. मालक म्हणतो, माणशी दहा हजार वाटा, कागद नंतर बघू. पत्रक कोणीतरी जुन्यावरून उतरवतं. नोव्हेंबरच्या शेवटी सल्लागार विचारतो की बोनसच्या रजिस्टरला काय दाखवायचं, तेव्हा तेच दहा हजार तिथे चढवले जातात. १९७५ च्या नियमांतल्या फॉर्म सी मध्ये त्यासाठी रकानाही आहे, पूजा बोनस किंवा प्रथेचा बोनस यासाठी एक, आणि आगाऊ दिलेल्या बोनससाठी दुसरा. त्यामुळे वजावट कायदेशीरच नाही असं म्हणता येत नाही. पत्रकात नेमकं काय लिहिलं होतं ते टाका, त्यावर बरंच ठरतं.

पाटणीपुरा_१२
पत्रक असं: 'दिवाळीनिमित्त सर्व कर्मचाऱ्यांस रु. १०,००० एक्स-ग्रेशिया देण्यात येत आहे. ही रक्कम पूर्णपणे ऐच्छिक असून भविष्यात तिच्यावर कोणताही हक्क सांगता येणार नाही.' बस, एवढंच. बोनस हा शब्द नाही, वर्ष नाही.

नंदानगर
ताईंनी रकान्याचं सांगितलं ते बरोबर, पण त्या रकान्यात काय चढवता येतं ते बघू. १९६५ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये दोनच गोष्टी वजा करायला परवानगी होती. एक, पूजा बोनस किंवा दुसरा प्रथेचा बोनस. दोन, याच कायद्याखालचा बोनस, मुदतीआधी दिलेला. ऐच्छिक देणगी या दोन्हींत बसत नाही. मालकाने पत्रकात स्वतःच लिहून दिलंय की ही ऐच्छिक आहे, हक्क नाही. हक्क उभा राहू नये म्हणून एक्स-ग्रेशिया म्हणायचं आणि वजा करायची वेळ आली की बोनस म्हणायचं, हा दुटप्पीपणा झाला. पत्रकात 'सन २०२४-२५ च्या देय बोनसपोटी' एवढे चार शब्द असते तर पाटणीपुरांची केस संपली होती, कारण ७,९९७ पेक्षा १०,००० जास्तच.

आणखी एक बारकावा. कलम म्हणतं, ज्या हिशेबी वर्षात प्रथेचा बोनस दिला, त्या वर्षाच्या बोनसमधून तो वजा करा. ऑक्टोबर २०२५ हे वर्ष २०२५-२६. तेव्हा प्रथेचा म्हणून धरला तरी तो २०२५-२६ च्या बोनसमधून जाईल, जो नोव्हेंबर २०२६ पर्यंत द्यायचा आहे. २०२४-२५ मधून नाही.

निशिगंध
वर्षाचा मुद्दा वाचायला बरोबर वाटतो, पण व्यवहारात सगळे दिवाळीची रक्कम मागच्या मार्चअखेरच्या वर्षालाच लावतात आणि तपासणीत कोणी हटकत नाही. यावरच सगळी भिस्त ठेवू नका.

भिया_इंदौरी
तीन वर्षं सलग एक्स-ग्रेशिया दिली की ती हक्काची होते ना? आमच्याकडे चार वर्षं मिळतेय.

नंदानगर
तीन वर्षांचा असा नियम कुठेही नाही, गेटवर ऐकायला मिळतो खरा. सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्ये इस्पहानी कंपनीच्या खटल्यात कसोट्या सांगितल्या, तो कलकत्त्याच्या पूजा बोनसचा वाद होता. रक्कम दीर्घकाळ खंड न पडता दिलेली हवी. तोट्याच्या वर्षीही दिलेली हवी. प्रथेचा बोनस म्हणायचा तर, त्याच वर्षीच्या ग्रॅहॅम ट्रेडिंगच्या खटल्याप्रमाणे, कमीअधिक एकाच दराने हवी. म्हणजे 'नफा झाला म्हणून दिली' असं म्हणायला जागा उरू नये. मग ती नोकरीच्या अटीतच धरली जाते. पुढे १९७६ मध्ये मुंबई कामगार सभेच्या खटल्यात कोर्टाने म्हटलं की बोनस कायदा नफ्यावरच्या बोनसचा आहे, प्रथेच्या बोनसचा दावा त्यामुळे मरत नाही. १९७९ मध्ये हुकुमचंद ज्यूट मिलच्या खटल्यात तेच पुन्हा. नाव ऐकून इंदूरकरांचे कान टवकारतील, पण तो वाद बंगालातल्या ज्यूट मिलचा, आपल्या मालवा मिलशेजारच्या हुकुमचंद मिलचा नाही.

तुमच्या चार वर्षांत रक्कम किती होती? एका वर्षी ५,००० आणि एका वर्षी १२,००० असेल तर प्रथा सिद्ध करणं कठीण. दर वर्षी पत्रकात 'ऐच्छिक' छापलेलं असेल तर आणखी कठीण, अशक्य मात्र नाही, कारण कोर्ट लेबलापेक्षा वर्षानुवर्षांचं वागणं बघतं. आणि हेही डोक्यात ठेवा की प्रथा सिद्ध केलीत की ती रक्कम कलम १७ च्या पहिल्या प्रकारात जाऊन बसते, म्हणजे वजावटीचं दार तुम्हीच उघडता. काय मागायचं ते आधी आकडे मांडून ठरवा.

उषानगर
माझं बेसिक २४,०००. आम्हाला कंपनी ७,००० वर ८.३३ टक्के काढून ६,९९७ देते आणि एक्स-ग्रेशिया म्हणते. हाताखालच्या मुलांना बोनस म्हणून ११ हजारांच्या वर. हा भेदभाव नाही का?

आकडेमोड
नाही. २१,००० च्या वरच्यांना कायद्याने काहीच देणं लागत नाही, म्हणून कंपनी स्वखुशीने देते आणि नाव वेगळं ठेवते. हिशेबाची पद्धत बोनससारखी वापरली म्हणून तो बोनस होत नाही. पुढच्या वर्षी ती बंद केली तर तुमच्या हातात नेमणूकपत्र किंवा युनियनचा करार एवढंच. नेमणूकपत्रात सीटीसीचा भाग म्हणून आकडा लिहिला असेल तर मात्र ती ऐच्छिक राहत नाही, ते ठरलेलं वेतन झालं. पत्र काढून बघा.

पाटणीपुरा, तुमच्या जुन्या सहकाऱ्यांसाठी एक हिशेब. समजा एचआरचं सगळं मान्य केलं, १०,००० हाच बोनस. तरी पूर्ण वर्ष भरलेल्या, १२,००० किंवा जास्त बेसिकवाल्या माणसाचे १२ × १२,००० = १,४४,०००, त्याचे ८.३३ टक्के ११,९९५. दहा हजार वजा जाता १,९९५ बाकी राहतातच. तुम्ही आठ महिन्यांचे असल्यामुळे तुमची बाकी दिसत नाही, त्यांची दिसते. म्हणून एकट्याने जाण्यापेक्षा जुन्यांना बरोबर घ्या.

पाटणीपुरा_१२
हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. स्टोअरमधून जुलैत गेलेल्या मुलालाही मागता येईल? आणि दिवाळीला एक मिक्सर पण दिला होता, तो धरतील का?

आकडेमोड
त्याला नक्की. त्याने २०२४-२५ पूर्ण भरलं असेल तर त्याचं प्रकरण तुमच्याहून स्वच्छ आहे, त्याला दहा हजारही मिळाले नाहीत, वजा करायला काही नाहीच. बोनस जातो तो अफरातफर, चोरी, तोडफोड किंवा कारखान्यात दंगामस्ती यासाठी बडतर्फ केलं तर. राजीनाम्याने जात नाही, नोटीस पिरियड न भरल्यानेही नाही.

मिक्सर विसरा. बोनस रोख किंवा बँकेतून द्यायचा असतो, वस्तू त्यात धरता येत नाही.

भिया_इंदौरी
पण जुना कायदाच आता गेला ना? नोव्हेंबरमध्ये नव्या संहिता आल्या. मग कलम १७ वगैरे कशाला?

निशिगंध
२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली, १९६५ चा कायदा तिच्यात विलीन. पण २०२४-२५ हे वर्ष जुन्या कायद्याखालीच संपलं आणि हक्क तेव्हाच तयार झाला, तो रद्द होत नाही. शिवाय सांगाडा तोच आहे. ३० दिवस, ८.३३ ते २० टक्के, आठ महिने, वीस माणसांची आस्थापना, प्रथेच्या आणि आगाऊ बोनसची वजावट, सगळं संहितेत आहे.

दोन ठिकाणी फरक पडेल. पगाराची मर्यादा आता कायद्यात छापलेली नाही, सरकार अधिसूचनेने ठरवतं. आणि वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. ज्यांचं बेसिक मुद्दाम कमी ठेवलंय त्यांचं वेतन कागदावर वाढेल. ४८,००० एकूण आणि बेसिक १६,००० असलेला माणूस आजवर पात्र होता. नव्या व्याख्येत भत्ते ३२,०००, निम्मे २४,०००, वरचे ८,००० वेतनात, म्हणजे वेतन २४,०००. मर्यादा २१,००० च राहिली तर तो बाहेर. तुमचे १५,२०० हे २३,६०० च्या निम्म्याहून जास्त आहेत, तुम्हाला याचा धक्का नाही.

नंदानगर
पाटणीपुरा, आता करायचं असं. आधी एचआरला ई-मेल करा, तोंडी नको. चारच गोष्टी विचारा: २०२४-२५ साठी माझा बोनस किती निघाला, कोणत्या मासिक वेतनावर, माझी किमान वेतनाची वर्गवारी कोणती, आणि दिवाळीचे १०,००० बोनस रजिस्टरमध्ये कोणत्या रकान्यात दाखवले. भाषा साधी ठेवा, 'फसवणूक' वगैरे शब्द नकोत. रजिस्टर तुम्हाला दाखवलंच पाहिजे अशी सक्ती नाही, ते निरीक्षकासाठी असतं, पण लेखी प्रश्नाला दिलेलं लेखी उत्तर पुढे कामाला येतं. त्यात त्यांनी 'प्रथेचा बोनस' असं लिहून दिलं तर पुढच्या दिवाळीसाठी ते जपून ठेवा.

पत्रकाचा फोटो, ऑक्टोबरची स्लिप, बँकेची नोंद आणि ऑगस्ट २०२४ ते मार्च २०२५ च्या आठही स्लिपा एकत्र ठेवा. पंधरवड्यात उत्तर नाही आलं तर श्रम विभागात लेखी अर्ज. राज्याच्या श्रमायुक्तांचं कार्यालय इंदुरातच आहे, त्यामुळे भोपाळच्या फेऱ्या नाहीत. संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, तरी लांबवू नका, स्लिपा पोर्टलवरून गायब होतात.

निशिगंध
आणि तुमच्यात कोणी ठेकेदाराकडून असेल तर त्यांचा अर्ज वेगळा. त्यांचा बोनस ठेकेदाराने द्यायचा, पात्रता त्याच्या हजेरीवरून.

उषानगर
एक राहिलं. आमच्यातल्या एकाचं बेसिक सप्टेंबर २०२४ पर्यंत २०,४०० होतं, ऑक्टोबरपासून २१,६००. त्याला सहा महिन्यांचा बोनस मिळतो की अजिबात नाही?

आकडेमोड
मी सहा महिन्यांचा काढतो. मर्यादा दरमहा लिहिली आहे, तेव्हा ज्या महिन्यांत आत होता ते मोजायचे.

निशिगंध
आमचे सल्लागार मार्चचा पगार बघतात आणि पूर्ण वगळतात. मला ते पटत नाही, पण त्यांनी अजून बदललेलं नाही.

पाटणीपुरा_१२
ई-मेल पाठवला, नऊ जणांच्या सहीने. उत्तर आलं की इथे टाकतो. स्टोअरवाल्याने वेगळा पाठवलाय.